भाताला खताच्या गोळ्या कशा द्यायच्या? लावणीआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की आमच्याकडे दोनच विषय असतात, तरवा आणि खत. खाचरात युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचलेल्या बघितल्या की येणारा-जाणारा बांधावर थांबतो आणि तेच तेच विचारतो. ते प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं बोलल्यासारखीच लिहिलीत, म्हणजे गावच्या बैठकीत कुणाला उभं राहून वाचून दाखवायची असतील तर अडायला नको. हे सगळं चिखलणी करून लावलेल्या भातासाठी आहे, एवढं आधी लक्षात घ्या.

ही गोळी म्हणजे नक्की काय? नवीन खत आहे का?

नवीन काही नाही. आपण पोत्यातून आणतो तोच युरिया आणि तोच डीएपी. वजनाने साठ भाग युरिया नि चाळीस भाग डीएपी एकत्र करून यंत्रात दाबला की त्याची उशीच्या आकाराची छोटी वडी होते. दुकानात तिला ब्रिकेट म्हणतात, आपण गोळी म्हणतो. भातासाठीच्या गोळीचं वजन 2.7 ग्रॅम असतं. दुकानातून आणल्यावर शंभर गोळ्या मोजून काट्यावर टाका. 270 ग्रॅमच्या आसपास भरल्या तर पुढचा सगळा हिशोब लागू पडतो. दुसऱ्या वजनाच्या किंवा दुसऱ्या मिश्रणाच्या गोळ्याही बाजारात असतात, त्यांना हा हिशोब लावू नका. पिशवीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

जादू गोळीत नाही, ती ठेवायच्या जागेत आहे. हीच गोळी तुम्ही खाचरात भिरकावलीत तर ती साध्या युरियासारखीच वाया जाणार, वर तुकडा मोठा असल्याने एका ठिकाणी जळणार आणि दुसऱ्या ठिकाणी उपाशी ठेवणार.

पण युरिया फेकून दिला तर बिघडतं कुठे? आमच्या वडलांपासून तसाच देतोय आम्ही.

देत होते, कारण दुसरा मार्ग नव्हता. पण आपल्याकडचा पाऊस डोळ्यांपुढे आणा. तुम्ही सकाळी युरिया फेकलात, दुपारी सर आली, वरच्या खाचराचं पाणी तुमच्यात आणि तुमचं खालच्यात. उतारावरच्या दळ्यांत हे रोजचंच. खालच्या दळीवाल्याचं भात फुकटात हिरवंगार होतं आणि तुम्ही म्हणता, खत बनावट निघालं.

पाऊस आला नाही तरी गळती चालूच असते. युरिया पाण्यात विरघळला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो. उन्हाची उघडीप पडली, पाण्यावर शेवाळ आलं की दुपारच्या वेळी हा अमोनिया वाऱ्यावर उडून जातो. जो उरतो तो चिखलाच्या अगदी वरच्या पापुद्र्यात राहतो. तिथे थोडी हवा असते, त्या हवेत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर खाली सरकतं आणि खालच्या बिनहवेच्या चिखलात जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. म्हणजे वाहून जाणं, उडून जाणं आणि मातीतल्या मातीत वायू होणं, अशा तीन वाटांनी आपला पैसा जातो.

आणि खाली खोचल्यावर या तिन्ही वाटा बंद कशा होतात?

गोळी सात ते दहा सेंटीमीटर खाली गेली की ती त्या बिनहवेच्या चिखलात बसते. तिथेही युरियाचा अमोनियाच होतो, पण त्याचं नायट्रेट व्हायला हवा लागते आणि ती तिथे नसते. मग तो अमोनियम रूपातच राहतो. अमोनियमला चिकणमातीचे कण धरून ठेवतात, त्यामुळे तो वरच्या पाण्यात फारसा येत नाही. पाणी वाहून गेलं तरी खत जागेवर असतं. गोळीभोवती मूठभर चिखल खताने भरलेला राहतो आणि आजूबाजूच्या चुडांची मुळं तिकडे वळतात.

लावणीनंतर महिन्याभराने एखादा चौकोन हाताने हळूच उकरून बघा. गोळी दिसणार नाही, पण पांढऱ्या मुळांचं जाळं त्या मधल्या जागेत दाट झालेलं दिसेल. आमच्या शेजारच्या काकांना मी तोंडाने किती सांगितलं तरी पटत नव्हतं. तो मुळांचा गुच्छ हातात दिल्यावर पुढच्या साली त्यांनीच दोरी मागून नेली.

गोळी नेमकी कुठे ठेवायची? दर चुडाला एक का?

नाही, चार चुडांना मिळून एक. म्हणून तर लावणीच त्या बेताने करावी लागते. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भात लावणी तुम्ही ऐकली असेल. तिची चार सूत्रं म्हणजे पेंढा-तुसाचा फेरवापर, गिरीपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि या गोळ्या. शेवटची दोन सूत्रं एकमेकांना बांधलेली आहेत. लावणी आडवीतिडवी असेल तर गोळी कुणाच्या मधे ठेवणार?

लावणीचं माप 15 आणि 25 सेंटीमीटर. ओळीत पहिला चूड, मग 15 वर दुसरा, मग 25 वर तिसरा, मग परत 15 वर चौथा. ओळी-ओळींमधलं अंतरही तसंच, एकदा 15 आणि एकदा 25. दोन्ही बाजूंनी असं केलं की चार चुडांचा 15 बाय 15 चा लहान चौकोन तयार होतो आणि प्रत्येक चौकोनाच्या चारी बाजूंना 25 ची मोकळी वाट राहते. गोळी चौकोनाच्या मधोमध आणि पाय वाटेत. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

अंतर मोजायचं कसं? खाचरात फूटपट्टी घेऊन कोण उभा राहणार?

दोरी करायची. न पसरणारी नायलॉनची दोरी घ्या, कारण सुंभ भिजला की माप बदलतो. तिच्यावर 15, 25, 15, 25 अशा खुणा करायच्या. काही जण तेलरंगाने करतात, पण एका मोसमात रंग निघतो. त्यापेक्षा दोरीच्या पिळात रंगीत कापडाची चिंधी ओवून घट्ट गाठ मारलेली बरी. दोन्ही टोकांना काठ्या बांधायच्या आणि बांधावरच्या दोन माणसांकडे 15 आणि 25 सेंटीमीटरच्या दोन वेगळ्या कामट्या द्यायच्या.

दोरी ताणली की प्रत्येक खुणेपाशी एक चूड लावायचा. ती ओळ झाली की दोरी 15 ने मागे घ्यायची, ओळ लावायची, मग 25 ने मागे. दोरी धरणाऱ्यांची गल्लत इथेच होते. गप्पांच्या नादात 25 नंतर परत 25 घेतात आणि चौकोन मोडतो. आमच्याकडे यावर उपाय म्हणून दोरी सरकवणारा मोठ्याने ‘पंधरा’ किंवा ‘पंचवीस’ ओरडतो. बायका हसतात, पण चूक होत नाही.

रोप फार जून नको. 20 ते 25 दिवसांचा तरवा, एका चुडात दोन-तीन काड्या, आणि वरवर म्हणजे दोन-तीन सेंटीमीटरच खोल लावायचा. संकरित भात असेल तर एका चुडात एक-दोन काड्या पुरतात.

माझ्या खाचराला किती गोळ्या लागतील? हिशोब सांगा.

एक चौकोन आणि त्याच्या वाटणीची मोकळी वाट मिळून 40 सेंटीमीटर बाय 40 सेंटीमीटर जागा होते, कारण 15 आणि 25 मिळून 40. या जागेत चार चूड आणि एक गोळी.

समजा खाचर 20 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद आहे, म्हणजे जेमतेम सव्वादोन-अडीच गुंठे. लांबीत 20 मीटरला 40 सेंटीमीटरने भागा, 50 चौकोन बसतात. रुंदीत 12 मीटरला भागा, 30 बसतात. पन्नास गुणिले तीस म्हणजे 1,500 चौकोन आणि तेवढ्याच गोळ्या. 1,500 गोळ्यांचं वजन 2.7 ग्रॅमप्रमाणे चार किलो आणि वर 50 ग्रॅम. झालं, या खाचराला चार किलो खत.

आता जुन्या पद्धतीशी ताडून बघा. सुधारित भाताला हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस असते. त्या हिशोबाने या खाचराला 2.4 किलो नत्र लागतं, सगळं युरियातून द्यायचं तर पाच किलोच्या वर युरिया. आपल्या चार किलो गोळ्यांत नत्र आहे सुमारे 1.4 किलो. म्हणजे नत्र चाळीस टक्क्यांनी कमी, शिवाय डीएपीमुळे पाऊण किलोच्या आसपास स्फुरद त्यातच आलं. कमी नत्रावर भागतं ते वर सांगितलेल्या तीन वाटा बंद झाल्या म्हणूनच. म्हणून निम्म्या गोळ्या वर फेकून आणि निम्म्या खोचून कुणी हा हिशोब लावू नये.

ढोबळ पाठ करायचं तर गुंठ्याला 630 गोळ्या किंवा 1.7 किलो, आणि हेक्टरला 170 किलो. आपल्या दळ्या काही सरळ चौकोनी नसतात, बांध वळतो, मधे कातळ येतो. तिथे चौकोन मोजत बसू नका, पावलांनी अंदाजे क्षेत्र काढून गुंठ्याच्या हिशोबाने गोळ्या घ्या.

खोचताना हात कसा चालवायचा?

खोचणारा माणूस 25 च्या वाटेत उभा राहतो. गोळ्या कमरेला बांधलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. कोरडा हात डब्यात घालायचा आणि ओला हात चिखलात. हे जमायला थोडा वेळ लागतो, पण ओला हात डब्यात गेला की तासाभरात खाली गोळ्यांचा लगदा होतो.

गोळी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरायची, चौकोनाच्या मधोमध हात सरळ खाली न्यायचा. मधलं बोट मुळापर्यंत चिखलात गेलं म्हणजे खोली साधारण बरोबर. तिथे गोळी सोडायची आणि हात तसाच सरळ वर न काढता जरा हलवून काढायचा, म्हणजे भोक चिखलाने बुजतं. बुजलं नाही तर तळव्याने वरून थोपटायचं. भोक उघडं राहिलं तर विरघळलेला युरिया त्यातूनच वरच्या पाण्यात येतो आणि मग खोचण्याचा काही उपयोग राहत नाही.

दिवसभर हे केलं तर बोटांची टोकं झोंबतात, नखाशेजारी कातडं फाटतं. पातळ रबरी हातमोजे घाला. हाताला जखम असेल त्याला त्या दिवशी दोरीवर उभं करा.

त्याच दिवशी खोचलं पाहिजे का? लावणी संपवून मग दोन दिवसांनी दिलं तर?

त्याच दिवशी खोचलेलं सगळ्यात बरं. लावणीच्या दिवशी चिखल मऊ असतो, भोक आपोआप बुजतं. दोन-तीन दिवसांत चिखल बसतो, आवळतो, बोट खाली जात नाही आणि माणूस नकळत वरवर गोळी सोडायला लागतो. शिवाय तोवर रोपं मुळं सोडायला लागलेली असतात आणि परत खाचरात फिरणं म्हणजे ती हलवणं.

अगदीच अडलं, पाऊस झोडपायला लागला, माणसं निघून गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम हेच करा. त्यापुढे ढकलू नका. म्हणून आम्ही खाचर संपायची वाट बघत नाही. दहा-बारा ओळी लागल्या की खोचणारा मागोमाग सुरू होतो.

उलट टोकाची चूकही होते. चिखलणी होऊन तासही झालेला नसतो, चिखल ताकासारखा पातळ असतो, तेव्हा लावलं तर गोळी कुठे जाऊन बसली ते कळत नाही आणि रोपही तरंगतं. गुटा फिरवून चिखल जरा बसू द्यावा. बोटाने केलेली खूण क्षणभर टिकून मग बुजली तर चिखल तयार आहे.

पाणी किती ठेवायचं?

खोचताना चिखल झाकेल एवढंच, बोटभर. जास्त पाणी असलं की चौकोन दिसत नाही, हात अंदाजाने जातो. खोचून झाल्यावर लगेच मोरी उघडून पाणी सोडू नका. पहिला आठवडाभर दोन-तीन सेंटीमीटर, मग फुटव्यांच्या वेळी पाच सेंटीमीटरपर्यंत ठेवा. जोराचा पाऊस आला तर वरचं जादा पाणी जाऊ द्यायला हरकत नाही, आपलं खत खाली आहे. फक्त मोरीचा उंबरठा इतका खाली नको की चिखलच वाहून जाईल.

सांभाळायचं ते एवढंच की खाचर पूर्ण सुकून भेगा पडता कामा नयेत. भेग पडली की हवा खाली जाते, नायट्रेट होतं आणि पुढच्या पावसात ते गेलं. श्रावणातल्या लांब उघडिपीत बांधाची खेकड्यांची बिळं बुजवा. खेकडा एका रात्रीत अख्खं खाचर रिकामं करतो, हे तुम्हाला सांगायला नको.

कुठल्या खाचरात हे करू नये?

ज्यात पाणी ठरत नाही त्यात. डोंगरउतारावरच्या तांबड्या, मुरमाड, जांभ्याच्या जमिनी असतात, तिथे पाणी सारखं खाली झिरपत असतं. नत्रही त्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. रेताड जमिनीचंही तेच.

ओळखायला सोपी रीत आहे. चिखलणी झाल्यावर पाऊस नसलेल्या संध्याकाळी मोरी बंद करा, बांध कुठे गळत नाही ना बघा, खाचरात काठी रोवून पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी अगदी थोडं उतरलेलं असेल तर हे खाचर चालेल. दोन-तीन बोटं पाणी रातोरात गेलं असेल तर तिथे गोळी वाया. अशा ठिकाणी खत हप्त्याहप्त्याने देणंच बरं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आधी मळ्यातलं, खालच्या अंगाचं, पाणी धरणारं खाचर निवडा.

आमची शेती खाडीकाठी, खाजणात आहे. तिथे?

ओळीत लावणी करत असाल तर चालतं. क्षारामुळे तिथे फेकलेल्या युरियातला अमोनिया आणखी लवकर उडतो, तेव्हा खोल खत तिथे उपयोगाचंच. पण आधी पहिल्या पावसाचं पाणी भरून, सोडून मीठ धुऊन काढा. आणि रहू फेकून पेरत असाल तर प्रश्नच मिटला, चौकोनच नाहीत तर गोळी कुठे ठेवणार.

शेजाऱ्याचं भात आठवड्यात काळंभोर झालं. माझं फिकटच आहे. गोळी फुकट गेली का?

हा प्रश्न दर साली येतो, आणि याच दिवसांत लोक घाबरून वरून युरिया टाकतात.

शेजाऱ्याने युरिया फेकलाय, तो पाण्यात आहे, रोपाला लगेच मिळाला. तुमची गोळी बोटभर खाली आणि चुडापासून दहा-अकरा सेंटीमीटर बाजूला आहे. रोप आधी नवीन मुळं सोडणार, ती तिथवर पोचणार, मग रंग येणार. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस, थंड ढगाळ हवा असली तर थोडे अधिकही, तुमचं भात मागे दिसतं. नंतर ते धरतं आणि फुलोऱ्यापर्यंत रंग टिकवतं. शेजाऱ्याचं मात्र महिन्याभरात परत पिवळट व्हायला लागतं आणि तो दुसरा हप्ता शोधत फिरतो.

लावणीला तीन आठवडे झाले तरी सगळं खाचर सारखं पिवळं असेल, तर मग शोध घ्या. पाणी झिरपतंय का, गोळ्या वरच राहिल्या का, की पिवळेपणा दुसऱ्याच कशाने आहे.

नीट खोचलं गेलं की नाही हे कसं कळेल?

पहिली तपासणी त्याच संध्याकाळी, काट्यावर. 1,500 गोळ्यांच्या खाचराला चार किलो नेल्या आणि परत येताना अर्धा किलो उरल्या, तर पावणेदोनशेच्या वर चौकोन सुटले किंवा दोरीचं माप चुकलं. आधीच संपल्या तर कुठेतरी दोन-दोन पडल्या. मजुराला रागावून उपयोग नाही, दीड हजार वेळा वाकून कुणाचाही हात चुकतो. पण वजन केलेलं असलं की लगेच त्या ओळी परत बघता येतात.

दुसरी तपासणी भात सांगतं. वीस-पंचवीस दिवसांनी बांधावर उभं राहून तिरकं बघा. गोळी सुटलेला चौकोन चार पिवळट चुडांचा ठिपका म्हणून वेगळा दिसतो. दोन गोळ्या पडलेला चौकोन गडद हिरवा, पानं लांब नि लोंबणारी. ठिपके इकडेतिकडे दोन-चार असतील तर सोडून द्या. एका पट्ट्यात सलग असतील तर तो पट्टा कुणाच्या हातून गेला ते आठवा, पुढच्या साली त्याच्याशेजारी जाणता माणूस द्या. गडद चौकोनांत मात्र तुडतुडे आणि करपा आधी येतो, म्हणून पाहणी करताना तिथूनच सुरुवात करा.

तिसरी खूण लवकर दिसणारी. खोचल्यानंतर काही दिवसांत चुडाचं टोक होरपळल्यासारखं दिसलं, तर गोळी चौकोनाच्या मधे न जाता रोपाला चिकटून पडली आहे.

मग वरून युरिया अजिबात द्यायचा नाही?

खाचर पाणी धरणारं आणि गोळ्या नीट खोचलेल्या असतील तर नाही. दोन्ही दिलंत तर भात माजतं, पानं पसरतात, दाणा भरायच्या वेळी वाऱ्यापावसात आडवं होतं. नवरात्राच्या सुमारास आपल्याकडे परतीच्या सरी येतात, तेव्हा आडवं झालेलं भात शेतातच रुजतं.

पोटॅशचं काय? गोळीत तर ते नाही.

नाही. शिफारस हेक्टरी 50 किलो पालाशची आहे, आपल्या 240 चौरस मीटरच्या खाचराला म्हणजे 1.2 किलो पालाश. म्युरेट ऑफ पोटॅशमधून द्यायचं तर दोन किलो, शेवटच्या चिखलणीला. पेंढा शेतात परत गाडत असाल तर त्यातूनही बरंच पालाश परत येतं. भाताने उचललेलं बहुतेक पालाश पेंढ्यातच असतं, दाण्यात कमी. पण आपल्याकडे पेंढा गुरांना आणि आंब्याच्या पेट्यांना जातो, हेही खरं.

शेणखत, गिरीपुष्पाचा पाला याच्याबरोबर चालतो का?

चालतो, चांगलाच चालतो. गिरीपुष्पाचा कोवळा पाला गुंठ्याला 30 किलोपर्यंत, लावणीआधी आठवडाभर पसरून चिखलात गाडा. फांद्या तेवढ्या काढा. अर्धवट कुजलेली काडी बोटाखाली आली की गोळी अडते आणि खोचणारा वैतागतो.

तण काढताना गोळ्या हलणार नाहीत?

वाटेत चाललात तर नाही. 25 च्या वाटेतून कोळपं किंवा हात, काहीही चालवा. लहान चौकोनाच्या आत पाय नको आणि कोळपंही नको, तिथलं तण वरच्यावर हाताने उपटायचं. पहिला महिना ही शिस्त पाळली की पुढे भातच तण दाबतं.

माणसं मिळत नाहीत. हे सगळं परवडतं का?

खरी अडचण हीच आहे, उगाच गोड बोलत नाही. एकराला पंचवीस हजारांवर गोळ्या लागतात आणि प्रत्येक हाताने खोचायची आहे. दोरीने लावणीही पहिल्या दिवशी हळू जाते. लावणी करणाऱ्या बायका सुरुवातीला कुरकुर करतात, कारण त्यांचा हात वेगाने चालायला शिकलेला असतो आणि दोरी त्याला अडवते. दोन दिवसांनी तोच वेग परत येतो.

ज्यांची चार-सहा खाचरं आहेत आणि घरचीच माणसं राबतात, त्यांना हे सहज जमतं. ज्याची शेती सगळी मजुरीवर, त्याने पहिल्या साली एकच खाचर करावं. पुढच्या बाजूला बघा, दुसरा-तिसरा युरियाचा हप्ता द्यायची मजुरी वाचते आणि मधे वाटा असल्याने बेणणी सोपी जाते. हा जमाखर्च प्रत्येकाने आपल्या गावच्या मजुरीने मांडावा, माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

गोळ्या घरी बनवता येतात का? आणि उरल्या तर पुढच्या साली चालतील?

घरी हाताने दाबून गोळी होत नाही, यंत्रच लागतं. तालुक्याच्या खत दुकानात किंवा खरेदी-विक्री संघात मे महिन्यातच विचारून ठेवा, जूनमध्ये धावाधाव होते.

उरलेल्या गोळ्यांचं म्हणाल तर युरिया आणि डीएपी एकत्र आले की हवेतली ओल फार लवकर शोषतात, आणि कोकणातली पावसाळी हवा म्हणजे काही विचारू नका. पिशवी फोडली की लागतील तेवढ्या काढून तोंड घट्ट बांधा, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. घामेजलेल्या गोळ्या बोटात फुटतात आणि निम्मी गोळी वरच सांडते. असा चुरा झाला तर तो भातात टाकू नका, नारळाच्या आळ्यात मातीखाली घाला.

पीक खरंच वाढलं हे स्वतःच्या शेतात कसं बघू?

शेजारशेजारची दोन खाचरं घ्या, माती आणि पाणी सारखं असलेली, एकाच जातीचा एकाच दिवशी लावलेला तरवा. एकात गोळ्या, दुसऱ्यात नेहमीचं खत. एकाच खाचरात अर्धं-अर्धं करू नका, फेकलेला युरिया पाण्याबरोबर गोळ्यांच्या बाजूला येतो आणि मग कळत काहीच नाही. नेहमीच्या खताचं खाचर उताराच्या खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर तिथलं वाहून आलेलं खत गोळीच्या भातालाच मिळेल.

कापणीच्या वेळी बांधापासून आत, दोन्ही खाचरांत 2 मीटर बाय 2 मीटरची काठ्यांची चौकट टाका. तेवढंच कापा, वेगळं झोडा, चांगलं वाळवा आणि मग तोला. प्रत्येक खाचरात अशा तीन जागा घेतल्या तर बांधाकडच्या पिकाची फसवणूक होत नाही. किलोला 25 ने गुणलं की साधारण गुंठ्याचं उत्पन्न निघतं. त्या वजनाच्या शेजारी दोन्ही खाचरांना दिलेल्या खताचे किलो आणि लागलेली मजुरी लिहा. ती वही पुढच्या मे महिन्यात, गोळ्या मागवायला जाण्याआधी काढा.